कस्टमर रात्री बाराला मेसेज करतो, वर शिवीगाळ करतो: लेखी हद्द आखायची कशी (समस्या निवारण)

मी घरून ब्लाउज शिवते, लग्नसराईत आरी वर्कच्या ऑर्डरी घेते, सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. हा त्रास मला स्वतःला चार वेळा झालाय आणि ओळखीतल्या केकवाल्या, डबेवाल्या, मेहंदीवाल्या मैत्रिणींना मिळून दहाएक वेळा तरी मी बसून मेसेज लिहून दिलेत. दरवेळी कस्टमर वेगळा, पण बिघाड तोच आणि तो उघडतो पण त्याच क्रमाने. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते, आधी फुकटात होणारं, मग अवघड.

लक्षणं आधी बघा, यातली दोनतीन जुळली तर पुढचं तुमच्यासाठी आहे:

- रात्री ११ नंतर एकाच नंबरवरून तुटक मेसेज, "ताई", "झालं का", "आहात का", मग नुसतं प्रश्नचिन्ह, मग मिस्ड कॉल.
- दिवसा आपण काही विचारलं तर उत्तर नाही, रात्री मात्र सगळं आठवतं.
- "ऑनलाइन दिसताय तरी रिप्लाय नाही", म्हणजे तुमच्या लास्ट सीनवर लक्ष आहे.
- "तुम्ही" चं "तू" झालं, मग "लायकी", "फसवणूक" असले शब्द, मग सरळ शिवी, आणि सकाळी बघावं तर मेसेज डिलीट केलेला.
- आणि आपल्या बाजूचं लक्षण, जे कोणी मोजत नाही: त्या कस्टमरचं नाव स्क्रीनवर आलं की पोटात गोळा येतो, तिचं काम हातात घ्यावंसं वाटत नाही, ते मागे ढकललं जातं, मग खरंच उशीर होतो आणि तिच्या मेसेजना कारण मिळतं.

एक गोष्ट आधी वेगळी करून घ्या. उशिरा येणारा मेसेज आणि घाण भाषेतला मेसेज हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकाच मेसेजमध्ये दोन्हीचं उत्तर देऊ नका, मी पहिल्यांदा तेच केलं होतं, "रात्री मेसेज करू नका आणि नीट बोला" असं लिहिलं, त्यावर अर्धा तास वाद कशावर झाला तर रात्री मेसेज करण्यात काय चूक आहे यावर, शिवीचा विषयच राहून गेला. आणि हे पण खरं की रात्री साडेअकराला आलेला एखादा साधा मेसेज हा बिघाडच नाही. कोणी सेकंड शिफ्ट करून येतं, कोणाला मुलं झोपल्यावरच फोन हातात मिळतो. अशा बाईला हद्द वगैरे लिहून पाठवू नका, चॅट म्यूट करा आणि सकाळी उत्तर द्या, संपलं.

तपासणी १: आपण किती वाजता उत्तरं दिलीत ते मोजा (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं)

त्या कस्टमरचं चॅट वर सरकवत पहिल्या मेसेजपर्यंत जा आणि आपण रात्री ९ नंतर किती वेळा उत्तर दिलंय ते कागदावर लिहा. ऐकायला बरं वाटणार नाही पण जवळजवळ प्रत्येक केसमध्ये मला हे सापडलंय की सुरुवातीच्या आठवड्यात आपणच रात्री पावणेबाराला "हो ताई, बघते" लिहिलेलं असतं, ऑर्डर जाऊ नये म्हणून. त्या एका उत्तरातून कस्टमरला कळतं की हे दुकान रात्री उघडं असतं. पुढे आपण गप्प बसलो की तिला ते दुकान बंद वाटत नाही, तिला वाटतं मला टाळतायत, आणि मग ती जास्त जोरात दार वाजवते.

ही तपासणी आधी का, तर पुढे काय लिहायचं ते यावर ठरतं. तुमची रात्रीची उत्तरं शून्य असतील तर तुम्ही सरळ नियम सांगू शकता. दहाबारा असतील तर "आजपासून वेळ बदलतेय" असं लिहावं लागतं, नाहीतर ती तुमचाच जुना स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवते, आणि त्यात तिचं चुकतं असं नाही.

आजपासून रात्री काही टाईप करायचं नाही. "उद्या बोलू" हे सुद्धा नाही, कारण ते पण रात्री मिळालेलं उत्तरच झालं.

तपासणी २: वेळ कुठे लिहिलेली आहे का?

साधं व्हॉट्सॲप वापरत असाल तर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे, पण बदलायच्या आधी चॅटचा बॅकअप घ्या. प्रोफाइलमध्ये कामाची वेळ भरा आणि Business tools मध्ये Away message लावा. इथे तीन ठिकाणी लोक अडकतात, तिन्ही मी स्वतः बघितलेत.

पहिलं, Away message कोणाला जावा याचा एक पर्याय असतो, आणि त्यात "फोनबुकमध्ये नसलेले" निवडलेलं असेल तर ज्या कस्टमरचा नंबर तुम्ही "लग्न ऑर्डर ताई" म्हणून सेव्ह केलाय तिला तो मेसेज कधीच जाणार नाही. सगळ्यांना जाईल असं ठेवा, घरचे नंबर पाहिजे तर वगळा.

दुसरं, हा मेसेज तुमच्या फोनला नेट चालू असेल तरच जातो. बऱ्याच जणी वैतागून रात्री डेटा बंद करून झोपतात, मग Away message पण झोपतो. डेटा चालू ठेवा, आवाज बंद ठेवा.

तिसरं, वेळेचा पर्याय. Always send ठेवलं तर दुपारी बाराला पण "आम्ही आत्ता उपलब्ध नाही" जातं आणि लोक ते वाचायचंच सोडून देतात. कामाच्या वेळेबाहेरच जाईल असं लावा आणि मग दुसऱ्या फोनवरून रात्री एकदा स्वतःला मेसेज करून बघा.

मजकूर छोटा ठेवा. माझा असा आहे: "नमस्कार, तुमचा मेसेज मिळाला. ऑर्डरबद्दल मी सोमवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्ये उत्तर देते. रात्री आलेल्या मेसेजचं उत्तर कामाच्या पुढच्या दिवशी दुपारी १२ पर्यंत मिळेल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, नुसतं "आम्ही बंद आहोत" लिहिलं तर माणूस परत परत विचारतो, उत्तर कधी मिळणार हे कळलं की बरेचसे थांबतात. आणि मग १२ म्हणजे १२, तुम्हीच दोनला उत्तर दिलं तर ती ओळ वाया गेली.

तपासणी ३: तिची तक्रार खरी आहे का?

इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. ऑर्डर घेताना तारीख लेखी दिली होती का? "लग्नाच्या आधी देते" ही तारीख नाही. मुलीच्या लग्नाचे ब्लाउज ज्या बाईने दुसऱ्याच्या हातात दिलेत तिला रात्री झोपताना तीच काळजी आठवणार. मी आता प्रत्येक मोठ्या ऑर्डरला एक मेसेज पाठवते, त्यात नग किती, शिलाई किती, अॅडव्हान्स किती, ट्रायल कधी, हातात कधी, एवढंच. आणि लग्नाची ऑर्डर असेल तर दर दोन दिवसांनी संध्याकाळी सहा वाजता आपणहून एक ओळ, "बाह्यांचं आरी काम झालं, उद्या पाठ घेते" आणि एक फोटो. संध्याकाळी सहाला ही ओळ गेली तर रात्री बाराचे मेसेज निम्म्याहून जास्त वेळा आपोआप थांबलेत, म्हणजे हद्द वगैरे लिहायची वेळच आली नाही.

पण तक्रार खरी असली तरी शिवी मान्य होत नाही. तक्रारीला एक उत्तर, शिवीला दुसरं, आणि दोन्ही पुढे दाखवते.

तपासणी ४: पहिला लेखी मेसेज, फक्त वेळेबद्दल

आता एक खरी केस घेऊन सांगते. पाच ब्लाउजची ऑर्डर, रविवारी २१ तारखेला मुलीचं लग्न. तीन साधे अस्तराचे, प्रत्येकी ६०० शिलाई. दोन आरी वर्कचे, प्रत्येकी २,५००, एक नवरीचा आणि एक ताईंचा स्वतःचा. एकूण ६,८००, अॅडव्हान्स ३,०००. मंगळवारी २ तारखेला रात्री १२:१० ते १२:४० मध्ये नऊ मेसेज आणि दोन मिस्ड कॉल. शिवी नाही, नुसता मारा. असं तिसऱ्यांदा झालं होतं.

रात्री तोंडात आलं होतं ते असं: "सॉरी ताई, मी झोपले होते, प्लीज शक्यतो रात्री मेसेज नका ना करू, राग नका मानू." हे पाठवलं असतं तर काय झालं असतं? "सॉरी" ने चूक माझी झाली. "शक्यतो" ने दार उघडं राहिलं, कारण शक्य नसेल तर करता येतो. आणि "मेसेज नका करू" हे माझ्या हातातच नाही, तिच्या बोटांवर माझा ताबा नाही, माझा ताबा माझ्या उत्तरावर आहे. म्हणून हद्द नेहमी आपण काय करणार या भाषेत लिहायची, तिने काय करू नये या भाषेत नाही.

बुधवारी सकाळी सव्वादहाला हे पाठवलं:

"नमस्कार ताई. काल रात्री १२:१० ते १२:४० मध्ये आलेले तुमचे ९ मेसेज आज सकाळी बघितले. नवरीच्या ब्लाउजची ट्रायल शनिवारी १३ तारखेला दुपारी ४ वाजता आहे, सगळे ब्लाउज बुधवारी १७ तारखेला संध्याकाळी ५ वाजता मिळतील. याआधी मी काही वेळा रात्री उत्तर दिलं होतं, आजपासून ऑर्डरचं उत्तर सकाळी १० ते ७ मध्येच देईन. रात्री सुचलं तर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी १२ च्या आत उत्तर मिळेल. रात्रीचे कॉल मी घेत नाही."

बघा, आधी तिला जे हवंय ते आहे, म्हणजे तारखा, मग माझी वेळ. तारखा आधी आल्या की पुढचं माणूस शांतपणे वाचतं. "नऊ मेसेज" हा आकडा मुद्दाम, "किती मेसेज करता" असं लिहिलं असतं तर तो टोमणा झाला असता. आणि वयाने मोठ्या कस्टमरला "ताई", "काकू", "दादा" जे आधी म्हणत होतो तेच ठेवायचं, एकदम "मॅडम" वर गेलात तर भांडण सुरू झालंय असाच अर्थ निघतो.

पाठवला की त्याला स्टार करून ठेवा आणि परत समजावत बसू नका. तिने "एवढं काय झालं लगेच" लिहिलं तर "काही नाही ताई, वेळ कळवली फक्त" एवढंच. नंतर दोनतीन रात्री ती बघणारच की खरंच उत्तर येत नाही का. त्या रात्री टिकलात तर पुष्कळ वेळा इथेच मिटतं. माझ्या मोजणीत वेळेचा प्रॉब्लेम असलेल्यांपैकी एकदोघंच यापुढे गेलेत.

तपासणी ५: शिवीगाळ आली तर उत्तर द्यायच्या आधी पुरावा

ही केस पुढे गेली. शनिवारी ट्रायलला नवरीच्या ब्लाउजची बाही दंडात घट्ट निघाली. चूक माझी होती, आरी कामानंतर कापड आत ओढलं जातं आणि मी तेवढी जागा सोडली नव्हती, मी तिथेच सांगितलं की सोडवून देते. त्या रात्री ११:५२ ला आणि १२:०६ ला दोन मेसेज आले, माझ्यावर, माझ्या घरच्यांवर, जे इथे लिहिणार नाही.

रात्री उत्तर द्यायचं नाही हे तर झालं. पण पुरावा मात्र रात्रीच घ्यायचा, कारण पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो आणि दोन दिवसांच्या वर सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मी जे करते ते या क्रमाने: तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. मग कॉन्टॅक्टचं पान उघडून नंबर दिसेल असा एक स्क्रीनशॉट, कारण चॅटमध्ये आपण सेव्ह केलेलं नाव दिसतं आणि "लग्न ऑर्डर ताई" हे नाव कोणालाही देता येतं. मग त्या चॅटमध्ये Disappearing messages चालू नाही ना ते बघायचं, समोरच्यानेही ते चालू करता येतं आणि २४ तासांचं लावलं असेल तर पुढचे मेसेज दुसऱ्या दिवशी उडतात. शेवटी Export chat करून स्वतःच्या ईमेलवर.

मूळ फोनमधलं मूळ चॅट पुसू नका, कितीही घाण वाटलं तरी. प्रकरण पुढे गेलं तर स्क्रीनशॉटपेक्षा तो फोन मोठा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते कसं भरायचं ते वकील सांगतात, पण मूळ चॅटच नसेल तर ते पण अडकतात.

तपासणी ६: दुसरा मेसेज, शिवीबद्दल

रविवारी मी सुट्टी घेते, मेसेज सोमवारी साडेदहाला पाठवला. मधला एक दिवस बरा पडला, कारण रविवारी सकाळी जे लिहिलं होतं ते सगळं रागाचं होतं आणि ते खोडलं. हा गेला:

"नमस्कार. शनिवारी रात्री ११:५२ आणि १२:०६ ला तुमच्या नंबरवरून आलेल्या मेसेजमध्ये शिवीगाळ आहे. अशा भाषेतल्या मेसेजला मी उत्तर देणार नाही. बाही घट्ट झाली ही माझी चूक आहे, ती दुरुस्ती मी पैसे न घेता करतेय, बुधवारी १७ तारखेला ब्लाउज तयार मिळेल. पुन्हा अशी भाषा आली तर तयार ब्लाउज आणि न कापलेलं कापड परत देऊन हिशोब पूर्ण करेन, पुढचं काम घेणार नाही."

यात चार गोष्टी सांभाळा. शिवी परत टाईप करायची नाही, नाहीतर तुमच्या मेसेजचा तेवढाच तुकडा स्क्रीनशॉट म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. "तुम्ही मला शिवी दिली" न लिहिता "तुमच्या नंबरवरून" लिहायचं, आणि हे का ते मला याच केसमध्ये कळलं, नंतर समजलं की ते मेसेज ताईंनी केलेच नव्हते, त्यांच्या मिस्टरांनी त्यांचा फोन घेऊन केले होते. आपली चूक असेल तर ती एका वाक्यात कबूल करायची, माफीचा परिच्छेद नको. आणि परिणाम असा लिहायचा जो तुम्ही खरंच उद्या करू शकता. "पोलिसात जाईन" हे धमकी म्हणून लिहू नका, जायचंच असेल तर जा, लिहून न जाणं हे सगळ्यात वाईट, कारण मग पुढचं काहीच खरं वाटत नाही.

उत्तरात विशेषणं शोधून काढून टाका, "असभ्य", "घाणेरडे", "निर्लज्ज". वाटतं ते बरोबरच असतं, पण त्रयस्थ माणसाने वाचलं तर त्याला एका बाजूला शिव्या आणि एका बाजूला तारखा दिसल्या पाहिजेत.

मैत्रिणी विचारतात की पहिल्याच शिवीला संबंध का तोडायचा नाही. तोडू शकता, तुमचा हक्क आहे. मी एक संधी देते कारण हातात तिचं अर्धं काम असतं आणि लग्न पाच दिवसांवर असतं, नवरीने काही केलेलं नसतं. पण शिवी लैंगिक असेल किंवा धमकी असेल तर संधी नाही, सरळ शेवटच्या भागावर या.

तपासणी ७: हिशोब करून बंद करणं

सोमवारी रात्री ११:२० ला परत तसाच मेसेज आला. मंगळवारी सकाळी तिसरा आणि शेवटचा:

"नमस्कार. काल रात्री ११:२० ला पुन्हा शिवीगाळीचा मेसेज आला, म्हणून कळवल्याप्रमाणे ऑर्डर बंद करतेय. तयार: साधे ३ ब्लाउज १,८००, आरी वर्क १ ब्लाउज २,५००, एकूण ४,३००. अॅडव्हान्स ३,००० वजा करून बाकी १,३००. दुसऱ्या आरी ब्लाउजचं कापड कापलेलं नाही, ते अस्तरासकट परत देतेय, त्याचे काही पैसे नाहीत. बुधवारी १७ तारखेला ११ ते १ मध्ये घेऊन जा, घरातलं दुसरं कोणी आलं तरी चालेल. त्यानंतर हा नंबर मी ब्लॉक करणार आहे."

पैशाच्या बाबतीत एक नियम माहीत असू द्या, तो बरोबर शिंप्यांचाच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० सांगतं की ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च करून काम पूर्ण केलंय तो आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतो, आणि त्या कलमातल्या उदाहरणात चक्क शिंपी आणि कोटाचं कापड आहे. पण त्याच उदाहरणात असंही आहे की शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर त्याला कोट अडकवून ठेवता येत नाही. म्हणजे तुम्ही चॅटमध्ये "पैसे नंतर द्या, चालेल" लिहिलं असेल तर तयार ब्लाउज अडवू नका. आणि न कापलेलं कापड तर कधीच अडवायचं नाही, त्यावर तुमची काही मेहनतच लागलेली नाही, तिथे तुम्ही चूक ठरता आणि ग्राहक तक्रार झाली तर शिवीचा मुद्दा बाजूला राहून कापडाचाच विषय चालतो. केक, डबा, मेहंदी यात ठेवून घेण्यासारखं काही नसतं, तिथे सोपं आहे, न केलेल्या कामाचा अॅडव्हान्स त्याच दिवशी यूपीआयने परत आणि रकमेच्या शेऱ्यात "ऑर्डर रद्द, अॅडव्हान्स परत" लिहा.

सामान देताना एकटं राहू नका. घरात कोणीतरी असू द्या, नग मोजून द्या, दिलेल्या वस्तूंचा फोटो काढून त्याच चॅटमध्ये टाका, "५ पैकी ४ तयार, १ कापड परत, १,३०० मिळाले". या केसमध्ये त्यांची धाकटी मुलगी आली, पैसे दिले, दारातच "सॉरी काकू" म्हणाली. तिला मी बाही सोडवलेली दाखवली आणि आत अर्धा इंच जास्तीचं कापड ठेवलंय ते पण सांगितलं, अजून लागलं तर कुठलाही टेलर सोडवू शकेल.

ब्लॉक शेवटी, आधी नाही. हिशोबाच्या आधी ब्लॉक केलं तर "पैसे घेऊन ब्लॉक केलं" हेच खरं दिसतं. आणि ब्लॉक करताना सोबत रिपोर्ट करायचा असेल तर आधी एक्सपोर्ट झालंय का ते बघा, घाईत चॅट डिलीट होऊ देऊ नका. ब्लॉक केल्यावर तिचे मेसेज तुमच्यापर्यंत येत नाहीत, नंतर अनब्लॉक केलं तरी मधले मिळत नाहीत. पण कॉमन ग्रुपमध्ये ती तुमचे मेसेज बघू शकते, म्हणून ब्लाउजचे फोटो टाकायचा जो कस्टमर ग्रुप आहे त्यातून पण काढा.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

पुढचं काहीही झालं तर वरचे मेसेज लिहित बसू नका, हे आपल्या हातातलं काम राहिलेलं नाही:

घरी येतो, बघून घेतो, मुलांच्या शाळेचं नाव, असली कुठलीही धमकी. अश्लील फोटो, व्हिडिओ किंवा तशी मागणी. ब्लॉक केल्यावर नवीन नवीन नंबरवरून येणं. तुमचा नंबर किंवा फोटो घाण मजकुरासोबत कुठे टाकणं. माणूस दारात उभा असेल तर ११२, त्याच क्षणी, आधी नवऱ्याला फोन, मग भावाला फोन असं करत बसू नका.

बाकीच्यासाठी जवळचं पोलीस स्टेशन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार. १९३० हा नंबर पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, त्यावर हे सांगत बसू नका. स्टेशनला जाताना स्क्रीनशॉटची प्रिंट, नंबर, तुमचे लेखी मेसेज आणि तारखांची एक पानाची यादी घेऊन जा. नुसती शिवीगाळ असेल तर बऱ्याचदा अदखलपात्र म्हणून नोंद होते, लोक ज्याला एनसी म्हणतात, आणि त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तिथे निराश होऊन परत येऊ नका, एनसीची कॉपी घ्या, पुढच्या वेळी ती कामाला येते. जुन्या पोस्ट वाचून आयटी कायद्याचं ६६ए लावा म्हणून वाद घालू नका, ते कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात धमकीसाठी कलम ३५१ आहे, बाईच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी ७९ आहे आणि पाठलागासाठी ७८.

या ७८ मध्ये लेखी मेसेजचं वजन कळतं. त्यात बाईने स्पष्टपणे इच्छा नाही असं दाखवल्यानंतरही वैयक्तिक ओळख वाढवायला पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करतो, असं आहे. ऑर्डर कधी मिळणार हे रात्री विचारणं त्यात बसत नाही. पण माझ्या मेहंदीवाल्या मैत्रिणीला लग्नात भेटलेला नवरीचा एक नातेवाईक रात्री फोटो मागायला लागला, तिने एकच वाक्य लिहिलं होतं, "ऑर्डर सोडून मला दुसरं काही बोलायचं नाही, यापुढे मेसेज करू नका", आणि त्यानंतर तीन वेगळ्या नंबरवरून मेसेज आले. इथे मात्र "मेसेज करू नका" असंच स्पष्ट लिहायचं, वर मी वेळेच्या मेसेजमध्ये नको म्हटलं ते इथे उलटं आहे, कारण इथे व्यवहार नाही आणि नकार कागदावर दिसला पाहिजे. तिने आधी हसण्याचे इमोजी टाकून टाळलं असतं तर तिला स्टेशनमध्ये तेच आधी विचारलं गेलं असतं. तिची तक्रार घेतली गेली आणि मेसेज थांबले.

वकील कधी, तर समोरून नोटीस आली, रक्कम तुम्हाला सोडता येण्यासारखी नाही, किंवा समोरचा तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात गेला. नोटिशीला व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका, एक शब्द पण नाही.

माझ्या पावतीपुस्तकावर आता खाली एक ओळ छापून घेतलीय, "उत्तराची वेळ १० ते ७, रविवार बंद. अपशब्द वापरल्यास ऑर्डर हिशोब करून बंद केली जाईल." ऑर्डर घेताना त्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवते आणि पावतीचा फोटो कस्टमरच्या चॅटमध्ये टाकते, म्हणजे चॅटमधला सगळ्यात पहिला फोटो तोच असतो.